पैसे होते, पण सकाळी नव्हते

*प्रश्न:* सर, मी नाशिकरोडला राहते, देवळालीच्या एका खासगी शाळेत शिकवते. डिसेंबरपासून दोन एसआयपी सुरू केल्या, इंडेक्स फंडात ३,००० आणि फ्लेक्सी कॅपमध्ये २,०००, दोन्ही ५ तारखेला. हप्ते खात्यातून आपोआप कापले जावेत म्हणून आधी कागदी मँडेट भरलं होतं, ते 'Drawers signature differs' म्हणून परत आलं. मग मोबाईलवर डेबिट कार्ड वापरून केलं, 'Approved' दिसलं. डिसेंबर-जानेवारीचे हप्ते गेले. फेब्रुवारीत ३,००० चा गेला, २,००० चा नाही. मार्चमध्ये उलटं, २,००० चा गेला आणि ३,००० चा नाही! दोन्ही वेळा बँकेने २९५ रुपये कापले. त्या दिवशी खात्यात पंचवीस हजारांच्या वर होते, पासबुकाचे फोटो आणि मोबाईलवरचे मेसेज जोडले आहेत. बँक म्हणते फंडाला विचारा, फंडवाले म्हणतात बँकेला. हे मँडेट रद्द करून नवीन करू का? माझ्या बहिणीलाही सुरू करायचं आहे, तिचं आणि भाऊजींचं संयुक्त खातं सहकारी बँकेत आहे. तिने काय काळजी घ्यावी?

*उत्तर:* ताई, मँडेटला हात लावू नका. ते चांगलं आहे. चांगलं नसतं तर फेब्रुवारीत ३,००० आणि मार्चमध्ये २,००० गेलेच नसते. बिघडलेल्या मँडेटवरून एक हप्ता जातो आणि दुसरा अडतो असं सहसा होत नाही. अपवाद एकच, मँडेटवर लिहिलेली कमाल रक्कम एका हप्त्यापेक्षा कमी असणं. तुमच्या फोटोत ती १०,००० दिसते आहे, त्यामुळे तोही प्रश्न नाही.

पासबुकाचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या टेबलावर. त्यामुळे पासबुक हाती आलं की आधी रकमा नाही, ओळींचा क्रम बघायची सवय लागली आहे.

तुमचं फेब्रुवारीचं पान घ्या. ४ तारखेला रात्री शिल्लक ४,८६०. पाच तारखेची पहिली ओळ ३,००० नावे, शिल्लक १,८६०. दुसरी ओळ २९५ नावे, शिल्लक १,५६५. तिसरी ओळ पगार, २४,५०० जमा, शिल्लक २६,०६५. तुम्ही संध्याकाळी मोबाईलवर पाहिलंत तेव्हा सव्वीस हजार दिसले. साहजिकच वाटलं की पैसे असताना हप्ता परत गेला. पण पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये काय घडलं ते पासबुकात छापलेलं नाही. तिथे २,००० ची मागणी आली होती आणि तेव्हा खात्यात १,८६० होते. एकशे चाळीस रुपये कमी पडले. मेसेजच्या वेळा बघा म्हणजे खात्री पटेल. हप्ता परत गेल्याचा मेसेज सकाळी ९.२० चा आहे, पगाराचा दुपारी ३.४७ चा.

आता मार्च. ४ तारखेला रात्री शिल्लक २,८४०. सकाळी आधी ३,००० ची मागणी आली, पुरेसे नाहीत म्हणून परत गेली. मग २,००० ची आली, ती भागली. त्यानंतर २९५ कापले गेले आणि दुपारी पगार आला. 'कधी हा, कधी तो' हे कोडं एवढंच आहे. बँक तुमचे दोन हप्ते एकत्र जोडून बघत नाही. प्रत्येक मागणी स्वतंत्र, आणि ती येते त्या क्षणी खात्यात जे असेल त्यावरच निकाल. यात एक गंमत आहे. फेब्रुवारीचे २९५ कापले नसते तर मार्चमध्ये शिल्लक ३,१३५ राहिली असती, ३,००० चा हप्ता गेला असता आणि २,००० चा अडकला असता. म्हणजे मार्चमध्ये कोणता हप्ता चुकावा हे फेब्रुवारीच्या दंडाने ठरवलं.

डिसेंबर-जानेवारीत हे का झालं नाही? त्या दोन महिन्यांत तुमचा पगार २ आणि ३ तारखेला जमा झालेला दिसतो. फेब्रुवारीपासून तो ५ तारखेवर घसरला. खासगी शाळांचे पगार असेच दोन-चार दिवस इकडे-तिकडे होतात, त्यात शाळेला दोष देण्यासारखं काही नाही. पण ५ तारखेचा हप्ता आणि ५ तारखेचा पगार यांची गाठ कधीच पडत नाही, कारण हप्त्याची मागणी बहुधा सकाळीच लागते.

हे सगळं NACH, म्हणजे 'नाच' नावाच्या यंत्रणेतून चालतं. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची आहे. तुमच्या फंडाच्या वतीने एक बँक मागणी पाठवते, ती नॅशनल पेमेंट्सकडून तुमच्या बँकेत येते, तुमची बँक पैसे देते किंवा कारण लिहून मागणी परत करते. आता तुमचा टोलवाटोलवीचा प्रश्न. मागणी परत करणारी तुमची बँक आहे आणि परतीचं कारणही तिनेच लिहिलेलं असतं. फंडाकडे ते कारण फक्त पोहोचतं. त्यामुळे 'फंडाला विचारा' हे बँकेचं उत्तर चुकीचं आहे. शाखेत जाऊन तोंडी 'एसआयपी फेल का होते' असं विचारलंत तर काउंटरवरचा माणूस खरंच गोंधळतो, कारण त्याच्या पडद्यावर एसआयपी नावाचं काहीच नसतं. त्याला मँडेटचा यूएमआरएन, म्हणजे ओळख क्रमांक, द्या. तो वीस अक्षर-अंकांचा असतो आणि तुमच्या ॲपमध्ये मँडेटच्या तपशिलात सापडेल. सोबत तारीख आणि रक्कम द्या. 'या यूएमआरएनवर ५ फेब्रुवारीला आलेली २,००० ची मागणी कोणत्या कारणाने परत गेली' असं एका कागदावर लिहून पोच घ्या. त्याला मग पळवाट राहत नाही. तुमच्या बाबतीत कारण 'Balance insufficient' असणार, हे मी पासबुकावरूनच सांगतो. पण स्वतः विचारून बघा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

तीस दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. २९५ रुपयांसाठी तिथवर जायची वेळ येऊ नये. ते २९५ म्हणजे २५० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हा दंड बँकेचा आहे, फंड आपल्याकडून काही कापत नाही. पहिलीच वेळ असेल आणि खातं जुनं असेल तर शाखाधिकारी कधी कधी परत करतात. पगार त्याच दिवशी आला हे पासबुकात दाखवून एकदा विनंती करून बघा, पण त्याची आशा धरून बसू नका.

आता दुरुस्ती. ताई, मँडेट आणि एसआयपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घोळ त्या एक समजल्याने होतात. मँडेट म्हणजे बँकेला दिलेली परवानगी, 'अमुक कमाल रकमेपर्यंत मागणी आली तर देत जा'. त्यात तुमच्या हप्त्याची तारीख नसते. बहुतेक म्युच्युअल फंड मँडेटवर 'As and when presented', म्हणजे मागणी येईल तेव्हा, असं लिहिलेलं असतं. तारीख असते एसआयपीत, आणि एसआयपी फंडाकडे असते. म्हणून तारीख बदलायला बँकेत जावं लागत नाही आणि मँडेटही नवं लागत नाही.

तारीख १० करा. मागच्या चार महिन्यांत तुमचा पगार ५ च्या पुढे गेलेला नाही, पाच दिवसांची फट पुरते. ७ घेऊ नका. मधे शनिवार-रविवार आणि एखादी सुट्टी आली की दोन दिवसांची फट आवळते.

काही ॲपमध्ये तारीख थेट बदलता येते. तुमच्या ॲपमध्ये तसं नसेल तर जुन्या दोन्ही एसआयपी थांबवून त्याच मँडेटवर १० तारखेच्या दोन नव्या सुरू कराव्या लागतील. इथे एक खड्डा आहे. नवी आधी सुरू केली आणि जुनी थांबवायची विसरलात, किंवा थांबवण्याची विनंती उशिरा पोहोचली, तर एकाच महिन्यात ५ आणि १० दोन्ही तारखांना मागणी येईल. पाच हजारांऐवजी दहा हजार जातील, किंवा पाच हजार जाऊन दोन दंड बसतील. म्हणून आधी जुनी थांबवा, 'Cancelled' दिसू द्या, मगच नवी भरा. आणि हप्त्याच्या तारखेला किमान पंधरा दिवस असताना हे करा. शेवटच्या चार दिवसांत केलेला बदल पुढच्या महिन्यालाच लागू होतो, असा माझा अनुभव आहे.

तोवर तारीख बदलली गेली नाही तर येत्या एप्रिलच्या हप्त्यासाठी मात्र सावध राहा. ५ एप्रिलला रविवार आहे. नाच आता आठवड्याचे सातही दिवस चालते, ऑगस्ट २०२१ पासून. पण फंडांचा हप्ता सुट्टीच्या दिवशी आला तर तो पुढच्या कामाच्या दिवशी धरला जातो. म्हणजे मागणी बहुधा सोमवारी, ६ तारखेला सकाळी येईल. तुमचा पगार ४ ला झाला नाही तर तो सोमवारीच दुपारी येईल आणि पुन्हा तीच गत. या एका महिन्यासाठी ३ तारखेपर्यंत खात्यात ५,५०० राहू द्या. पाच हजार हप्त्यांचे, वरचे पाचशे एखादा मेसेज-शुल्काचा किंवा विम्याचा फुटकळ हप्ता मधेच कापला गेला तर म्हणून. तुमच्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत असेल तर ती याच्या वर.

फेब्रुवारी-मार्चचे चुकलेले हप्ते फंड पुन्हा मागणार नाही. तसा रिवाज नाही, पुढच्या महिन्याचा हप्ता आपला आपला येतो. भरून काढायचं असेल तर त्याच फोलिओत एकरकमी २,००० आणि ३,००० टाकून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. नाही टाकलेत तरी एसआयपी बंद पडत नाही. महिन्याच्या एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले तर फंड ती बंद करतो. तुमच्या दोन्ही एसआयपींचा प्रत्येकी एकच हप्ता चुकला आहे. 'आता सिबिल खराब होईल का' असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. एसआयपी हे कर्ज नाही, त्यामुळे तिचा चुकलेला हप्ता क्रेडिट रिपोर्टात जात नाही. कर्जाच्या हप्त्याचं मात्र तसं नाही. तो याच खात्यातून जात असेल तर एसआयपीची तारीख त्याच्यानंतरच ठेवा.

तरीही मँडेट रद्दच करायचं असं कोणी तुम्हाला सांगितलं तर माझी गोष्ट सांगा. निवृत्तीनंतर मी खातं बदललं. आयुष्यभर लोकांना समजावणारा माणूस, घाईत जुन्या बँकेच्या नेटबँकिंगमध्ये जाऊन मँडेट रद्द करून मोकळा झालो आणि फंडाकडची एसआयपी थांबवायचं राहून गेलं. फंडाला काय माहीत? तो दर महिन्याला इमानेइतबारे मागणी पाठवत राहिला, बँक परत करत राहिली आणि प्रत्येक वेळी दंड. तिसऱ्या महिन्यात एसआयपी आपोआप बंद पडली तेव्हा सुटलो. सौ. अजून विचारतात, 'बँकेत तुम्ही नेमकं काय करायचात?' तेव्हा आधी एसआयपी, मग मँडेट, असाच क्रम ठेवा.

तुमच्या पहिल्या अडचणीकडे येतो, सहीच्या. ती आता सुटलेली आहे, पण बहिणीसाठी समजून घ्या. कागदी मँडेटवरची सही तुमच्या बँकेत स्कॅन करून ठेवलेल्या सहीशी ताडून पाहतात. तुमचं हे खातं केव्हाचं? मला दाट शंका आहे की ते कॉलेजात असताना उघडलेलं असावं आणि तेव्हा तुम्ही मराठीत सही केली असावी. पॅनकार्डावर मग इंग्रजी सही आली, नोकरीत तीच वापरली आणि जुनी विसरून गेलात. क्लिअरिंगच्या टेबलावर असे मँडेट रोज येत. पडद्यावर 'सौ'च्या मात्रांसकट टपोरी देवनागरी सही, आणि हातातल्या फॉर्मवर इंग्रजीत एक आडवी रेघ. परत पाठवण्यावाचून इलाजच नसे. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं तर विचारूच नका. मोबाईलवरच्या मँडेटला सही लागत नाही. डेबिट कार्ड, नेटबँकिंग किंवा आधारचा ओटीपी, यातलं काही एक चालतं. म्हणून तुमचं दुसऱ्यांदा झालं. तरी कधी शाखेत गेलात तर सही अद्ययावत करून घ्या. एका पानाचा अर्ज आहे, ओळखपत्राची प्रत लागते.

आता बहिणीचं. तिचं खातं सहकारी बँकेत आहे, म्हणजे पहिला प्रश्न हा की ती बँक ऑनलाइन मँडेट स्वीकारते का. सगळ्या बँका स्वीकारत नाहीत. नॅशनल पेमेंट्सच्या संकेतस्थळावर बँकांची यादी आहे, त्यात नेटबँकिंग, डेबिट कार्ड आणि आधार यांपैकी कोणता मार्ग त्या बँकेला चालतो तेही दिलेलं असतं. ॲपमध्ये बँक निवडायच्या यादीत तिचं नावच दिसलं नाही, तर चूक ॲपची नाही, हे त्याचं उत्तर. मग कागदी मँडेट हाच रस्ता, आणि त्याला दोन-तीन आठवडे धरून चाला.

दुसरा प्रश्न संयुक्त खात्याचा. खातं कसं चालवायचं ठरलं आहे ते पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. 'Either or Survivor' असेल तर दोघांपैकी एकाची सही पुरते. 'Jointly' असेल तर कागदी मँडेटवर दोघांच्याही सह्या हव्यात, आणि ऑनलाइन मँडेट अशा खात्यावर होणं अवघड. ॲप शेवटपर्यंत जाऊ देतं आणि मग नाकारल्याचा मेसेज येतो. तुमच्या बहिणीची गुंतवणूक तिच्या नावाने असेल आणि त्या खात्यात तिचं नाव असेल तर नियमाची अडचण नाही. खातं एकट्या भाऊजींचं असतं तर आली असती. दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे फंड घेत नाहीत, मग तो नवरा का असेना.

कागदी फॉर्म भरताना नाव पासबुकातल्या अक्षरांत लिहायचं, आधारच्या नव्हे. आयएफएससी सध्याच्या पासबुकातून घ्यायचा, कपाटातल्या जुन्या चेकबुकातून नाही. बँका विलीन झाल्या तसे त्यांच्या शाखांचे कोड बदलले. रक्कम अंकात आणि अक्षरात सारखी हवी. खाडाखोड झाली तर दुसरा फॉर्म घ्या. खोडून वर सही करण्याच्या आपल्या जुन्या उपायावर इथे विसंबू नका. 'Debit Type' मध्ये 'Maximum Amount' वर खूण करा.

त्या कमाल रकमेबद्दल लोक उगाच घाबरतात. बहिणीचा हप्ता २,००० चा असेल तर ती २,००० च लिहील आणि पुढच्या वर्षी अडकेल. कारण ॲप सुरुवातीलाच विचारतं, 'दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवायचा का?' आणि आपण उत्साहात हो म्हणतो. वर्षभराने हप्ता २,२०० होतो, मँडेट २,००० चं, आणि मागणी परत. तेव्हा खात्यात लाख रुपये असले तरी उपयोग नाही. मँडेटवर १०,००० लिहिलं म्हणजे दहा हजार कापले जातील असं नाही. जाईल हप्त्याएवढंच, वरची रक्कम ही फक्त मर्यादा. तुमच्या मँडेटवर १०,००० आहे, ते म्हणूनच योग्य आहे.

यूपीआय ऑटोपेबद्दल कोणी सांगितलं तर तोही मार्ग चांगला आहे. म्युच्युअल फंडांसाठी दर हप्त्याला पिन न टाकता एक लाखापर्यंत जातं, डिसेंबर २०२३ पासून. एक दिवस आधी सूचना येते, हा त्याचा मोठा गुण. तुम्हाला ४ तारखेलाच मेसेज आला असता तर कदाचित तुम्ही पैसे टाकलेही असते. पण शिल्लक नसेल तर तेही परत जाणारच.

एक राहिलं. १० एप्रिलला, म्हणजे तारीख बदलल्यानंतरचा पहिला हप्ता गेला की, पैसे कापल्याचा मेसेज येईल पण ॲपमध्ये युनिट त्याच दिवशी दिसणार नाहीत. पैसे फंडाच्या खात्यात पोहोचल्यावर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, लागते, नियम फेब्रुवारी २०२१ पासून असाच आहे. दोन-तीन कामाचे दिवस थांबा. पासबुकात ओळ 'ACH' ने सुरू होईल आणि पुढे बहुधा फंडाऐवजी 'INDIAN CLEARING CORP' असं नाव असेल. घाबरून बँकेला फोन लावू नका, ते शेअर बाजाराचं क्लिअरिंग आहे आणि बऱ्याच ॲपचा पैसा त्याच वाटेने जातो. तारीख बदलण्याचं काम २५ मार्चच्या आत झालं नाही तर एप्रिल राहू द्या, ३ तारखेला ते ५,५०० ठेवा आणि १० तारीख मेपासून धरा. १० मे रविवार आहे, मागणी ११ ला येईल.